एकाच वेळी देणं आणि घेणं

रात्री सॉकेट एकच मोकळा असतो. मग चार्जरला पॉवर बँक आणि पॉवर बँकेला मोबाइल अशी साखळी लागते. सोय खरी, पण त्या बंद डबीत उष्णता साठत जाते.

समजा, चार्जर १० वॉट देतो आणि मोबाइलही १० वॉट घेतो. साध्या पॉवर बँकेत आलेले ५ व्होल्ट सेलसाठी साधारण ३.७ वर उतरवले जातात आणि मोबाइलसाठी पुन्हा ५ वर चढवले जातात. प्रत्येक टप्प्यावर दहावा हिस्सा वाया गेला, तर सेलच्या बाजूला ९ वॉट पोहोचतात, मोबाइलसाठी मात्र ११ लागतात. उरलेले दोन सेलमधून जातात. प्लग लावलेला असूनही पॉवर बँक उतरते! वाया गेलेल्या सुमारे दोन वॉटची उष्णता सेललगतच मुरते.

मोबाइल भरल्यावर सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. भरलेला आणि गरम, ही लिथियम सेलसाठी सर्वांत वाईट अवस्था. आतली रासायनिक झीज वाढते, वायू तयार होऊन डबी फुगू शकते. फुगलेली पॉवर बँक पुन्हा चार्ज करू नये.

काही पॉवर बँका आलेली वीज सेलला वळसा घालून थेट मोबाइलला देतात. माहितीपत्रकात तसा उल्लेख नसेल, तर आधी मोबाइल थेट चार्जरवर लावावा, पॉवर बँक नंतर.