63 मीटर कुठून आले?

1 डिसेंबर 2013. रात्रीचे बारा वाजून 49 मिनिटे. पृथ्वीभोवती 25-26 दिवस घिरट्या घालणाऱ्या मंगळयानाचे इंजिन सुरू झाले आणि जवळजवळ 22 मिनिटे पेटते राहिले. यान पृथ्वीचा निरोप घेऊन निघाले. त्यानंतर इस्रोने दोन आकडे जाहीर केले: इंजिन 1328.89 सेकंद चालले आणि यानाचा वेग सेकंदाला 647.96 मीटरने वाढला.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातले सूत्र लावून हा दुसरा आकडा मिळतो का, हे पाहण्यासारखे आहे. इंजिनाचा रेटा 440 न्यूटन. म्हणजे पृथ्वीवर 45 किलोचे पोते उचलून धरायला लागेल तेवढे बल, त्याहून जास्त नाही. त्या रात्री यानाचे वस्तुमान साधारण 1000 किलो होते. बलाला वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते: दर सेकंदाला 0.44 मीटर प्रतिसेकंद. त्याला 1329 सेकंदांनी गुणले की उत्तर येते सुमारे 585.

प्रत्यक्षात मिळाले 648. मधले 63 मीटर प्रतिसेकंद फुकट आल्यासारखे दिसतात. निसर्गात फुकट काही मिळत नाही. इथे चूक हिशेबाची आहे, कारण त्यात यान 22 मिनिटे 1000 किलोचेच राहिले असे धरले आहे.

ते तसे राहत नाही. हवा नसलेल्या पोकळीत इंजिन कशाला रेटून पुढे जाणार, हा प्रश्न जुना आहे. रॉबर्ट गोडार्डच्या रॉकेटची चेष्टा करताना न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखाने 1920 साली हाच आक्षेप घेतला होता. अपोलो 11 चंद्राकडे निघाल्यावर, 1969 च्या जुलैमध्ये, त्या पत्राने चूक कबूल केली. रॉकेट बाहेरच्या कशालाही ढकलत नाही. आपल्याच पोटातले इंधन ते मागे फेकते. ढकलायला मिळते ते एवढेच, आणि ढकलून झाल्यावर ते यानाचा भाग उरत नाही.

हिशेब एकेका सेकंदाचा मांडला की चित्र स्वच्छ होते. मंगळयानाच्या इंजिनातून निघणारा वायूंचा झोत यानाच्या तुलनेत सेकंदाला सुमारे 3040 मीटर वेगाने मागे जात होता. इंधन आणि ऑक्सिडीकारक मिळून दर सेकंदाला खर्च होत होते 145 ग्रॅम, म्हणजे चहाच्या लहान कपात मावेल इतके. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग. 0.145 ला 3040 ने गुणले तर येतात 440 एकक. यान आणि झोत या दोघांचा मिळून एकूण संवेग बदलता कामा नये, म्हणून झोताने मागच्या दिशेला जेवढा संवेग नेला तेवढाच यानाला पुढच्या दिशेला मिळाला पाहिजे. दर सेकंदाला 440 एकक संवेग मिळणे म्हणजेच 440 न्यूटनचा रेटा. रेटा नावाची वेगळी कोणती शक्ती नसते. सेकंदाला किती किलो फेकले आणि किती वेगाने फेकले, या दोघांचा गुणाकार म्हणजे रेटा. (नळकांड्याच्या तोंडाशी झोतात थोडा दाब शिल्लक असतो, तोही यानाला किंचित ढकलतो. 3040 या आकड्यात तो हिशेब धरलेलाच आहे.)

पहिल्या सेकंदाला हे 440 एकक 1000 किलोच्या यानाला मिळाले आणि वेग 0.44 ने वाढला. पण 22 मिनिटांत 145-145 ग्रॅम करत सुमारे 192 किलो इंधन निघून गेले. शेवटच्या सेकंदाला तेच 440 एकक अवघ्या 808 किलोच्या वाट्याला आले आणि वेग 0.54 ने वाढला. इंजिन तेच, रेटा तोच. ओझे मात्र कमी झाले. सुरुवातीच्या आणि शेवटच्या त्वरणाची ढोबळ सरासरी घेतली तरी उत्तर 650 च्या आसपास जाते.

सरासरीवर न थांबता प्रत्येक क्षणाची बेरीज नेमकी करायची तर कलन लागते. रशियातल्या कलुगा गावी शाळेत शिकवणाऱ्या कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्कीने ते करून 1903 साली प्रसिद्ध केले. त्याचे सूत्र असे:

Δv = u ln(m₀/m₁)

यात u हा झोताचा वेग, m₀ इंजिन पेटतानाचे वस्तुमान आणि m₁ विझतानाचे. ln म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम. 1000 ला 808 ने भागून त्याचा लॉगरिदम घेतला की 0.213 येतो. त्याला 3040 ने गुणले की 648.

हे 1000 किलो कुठून आणले, असा प्रश्न चोखंदळ वाचक विचारेल आणि तो रास्त आहे. यान निघाले तेव्हा 1337 किलोचे होते. पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने उंचावताना मोठे इंजिन एकूण सुमारे 2240 सेकंद चालले होते. सेकंदाला 145 ग्रॅम धरले तर 325 किलो गेले. लहान थ्रस्टरांनी आणखी थोडे खाल्ले. उरतात साधारण 1000.

आता एक खाच. दहावीच्या पुढे गेलेला विद्यार्थी न्यूटनचा दुसरा नियम जरा वेगळ्या रूपात ओळखतो: बल म्हणजे संवेग बदलण्याचा दर. मग त्याला मोह होतो की वस्तुमानही बदलते आहे, तर यानाचा वेग गुणिले वस्तुमान घटण्याचा दर हे पदही जोडून टाकावे. दिसायला हे अगदी काटेकोर वाटते, पण ते चूक आहे आणि चूक ओळखायची युक्ती सोपी आहे. त्या रात्री यानाचा वेग पृथ्वीच्या दृष्टीने सेकंदाला साधारण 10 किलोमीटर होता, सूर्याच्या दृष्टीने 30 च्या घरात. 0.145 ला 10,000 ने गुणले तर 1450 न्यूटन, 30,000 ने गुणले तर 4350. म्हणजे कुठे उभे राहून पाहता त्यावर इंजिनाची ताकद ठरणार! असे होत नाही. टाकीतून बाहेर पडणारे इंधन यानाबरोबरच धावत होते. स्वतःच्या वाट्याचा संवेग ते स्वतःबरोबर घेऊन जाते, यानाकडून काही हिसकावत नाही. हिशेबात येतो तो फक्त झोत आणि यान यांच्यातला फरक, म्हणजे 3040. बदलत्या वस्तुमानाचे समीकरण 1897 साली इव्हान मेश्चेर्स्कीने नीट मांडले, तरी हे चुकीचे पद उत्तरपत्रिकांतून अजून डोकावत असते.

सूत्रातल्या लॉगरिदमचा स्वभाव मात्र चिकट आहे. वेग दुप्पट हवा असेल तर इंधन दुप्पट करून भागत नाही, कारण आधी जाळलेल्या इंधनाने नंतर जाळायच्या इंधनाचेही ओझे वाहिलेले असते. सेकंदाला 3 किलोमीटरच्या झोताने 9 किलोमीटरचा वेग मिळवायचा तर सुरुवातीचे वस्तुमान शेवटच्याच्या 20 पट लागते. टाक्या, इंजिने, सांगाडा आणि उपग्रह हे सगळे उरलेल्या 5 टक्क्यांत बसवायचे. एका नळकांड्यात हे जमत नाही, म्हणून रिकामा झालेला भाग टाकून देत पुढे जातात. मंगळयान ज्या पीएसएलव्हीवरून गेले त्याला म्हणूनच चार टप्पे आहेत.

खुद्द मंगळयानाची गंमत अशी की 1337 पैकी 852 किलो इंधनच होते. सगळे जाळले तर उरतात 485 किलो, आणि 1337 भागिले 485 येतात 2.76. त्याचा लॉगरिदम एकाहून किंचित जास्त. म्हणजे यानाची स्वतःची एकूण कुवत जवळजवळ झोताच्या वेगाएवढी, सुमारे 3080 मीटर प्रतिसेकंद. झोतापेक्षा जास्त वेग रॉकेटला मिळूच शकत नाही असे पुष्कळांना वाटते. तशी काही मर्यादा नाही. मर्यादा आहे ती इंधनाची.

हा वेग मोजतात कसा? यानात त्वरणमापक असतो आणि त्याला फक्त इंजिनाचा धक्का कळतो. गुरुत्वाकर्षण यानाला आणि मापकाला सारखेच ओढते, त्यामुळे ते मापकाला जाणवत नाही. म्हणूनच 647.96 हा आकडा त्सिओल्कोव्स्कीच्या सूत्राशी थेट ताडून पाहता येतो. बिघाडही इथेच कळतो. 11 नोव्हेंबर 2013 रोजी कक्षा उंचावताना 130 मीटर प्रतिसेकंद हवे होते, मिळाले फक्त 35. इंधन सोडणाऱ्या झडपेची मुख्य आणि पर्यायी अशी दोन्ही वेटोळी एकाच वेळी चालवून पाहण्याची ती चाचणी होती. दोन्ही चालू होताच इंजिनाकडचा प्रवाह थांबला आणि काम लहान थ्रस्टरांवर आले. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा चालवून उणीव भरून काढली.

याच समीकरणाने यानाचे वजनही करता येते. मंगळाजवळ पोचेपर्यंत मोठे इंजिन सुमारे 300 दिवस बंद होते. ते पेटेल की नाही हे पाहायला 22 सप्टेंबर 2014 रोजी ते जेमतेम 4 सेकंद चालवले आणि वेगात सुमारे 2.2 मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला. 440 ला 4 ने गुणून 2.2 ने भागले की 800 येतात. पृथ्वी सोडताना उरलेले 808 किलो आणि वाटेतल्या छोट्या दुरुस्त्या लक्षात घेता हिशेब जुळतो. कोट्यवधी किलोमीटर दूर असलेले यान असे तोलता येते, अर्थात रेट्याचा आकडा जितका अचूक तितकाच हा तोल अचूक.

दोन दिवसांनी, 24 सप्टेंबरला, इंजिन उलट दिशेने रोखून 1388.67 सेकंद चालवले. या वेळी वेग 1099 मीटर प्रतिसेकंदाने कमी झाला. वेळ जवळजवळ तेवढीच, फरक मात्र दीडपटीहून जास्त. यातला काही भाग मोठ्या इंजिनाबरोबर चालवलेल्या आठ लहान थ्रस्टरांचा. पण हे थ्रस्टर नसते तरी हलक्या झालेल्या यानावर एकट्या मोठ्या इंजिनाने 900 च्या आसपास मजल मारली असती.

मंगळाभोवती स्थिरावल्यावर टाकीत सुमारे 40 किलो इंधन उरले होते. मोहीम आखली होती सहा महिन्यांची. ती जवळजवळ आठ वर्षे चालली आणि 2022 च्या एप्रिलमध्ये, एका दीर्घ ग्रहणानंतर, यानाचा संपर्क तुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इस्रोने मोहीम संपल्याचे जाहीर केले आणि सांगितले की यानातले इंधन संपले असावे.