पाच वर्षांचा पाऊस आणि फंडाचा अल्फा

वाळूजच्या कारखान्यांतून निवृत्त होणारी माणसे भविष्य निर्वाह निधीचे पैसे कुठे ठेवावेत, असे विचारतात तेव्हा त्यांच्या हातात बहुधा म्युच्युअल फंडाचे एखादे पत्रक असते. बाजारापेक्षा दरसाल तीन टक्के जास्त परतावा, पाच वर्षे, असे त्यावर ठळक छापलेले असते. मी संख्याशास्त्र शिकवतो म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो: “सर, हा फंड चालवणारा माणूस खरंच हुशार आहे का?” प्रश्न नेमका आहे. त्याचे उत्तर काढण्याची रीतही आहे, पण तिचा कौल पत्रकाइतका ठाम नसतो.

आधी ‘बाजारापेक्षा जास्त’ म्हणजे काय ते पाहू. एखादा फंड बाजारापेक्षा अधिक चढउताराचे शेअर घेत असेल, तर तेजीत तो आपोआपच पुढे दिसतो. ते कौशल्य नव्हे, ती जास्तीच्या जोखमीची मजुरी. म्हणून फंडाच्या आणि निर्देशांकाच्या दरमहाच्या परताव्यांतून सरकारी ट्रेझरी बिलांचा बिनजोखीम परतावा वजा करतात आणि उरलेल्या आकड्यांच्या जोड्या आलेखावर मांडतात. त्या ठिपक्यांमधून सर्वांत जवळून जाणारी रेषा काढणे म्हणजे रिग्रेशन. रेषेचा चढ म्हणजे बीटा, फंड बाजाराबरोबर किती हलतो त्याचे माप. बाजाराचा जादा परतावा शून्य असताना रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, ती उंची म्हणजे अल्फा. बाजाराच्या लाटेचे श्रेय बाजाराला देऊन फंडापाशी उरते ते हे.

पण ठिपके रेषेवर शिस्तीत बसत नाहीत, तिच्या वरखाली विखुरतात. विखुरणे जितके जास्त, तितका अल्फाचा आकडा डळमळीत. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. 2014 आणि 2015 अशी लागोपाठ दोन दुष्काळी वर्षे गेली, पुढे जायकवाडी भरलेलेही आपण पाहिले. पण पाच वर्षे चांगली गेली म्हणून इथल्या पावसाची सरासरीच बदलली, असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. तो विचारेल, एरवी हा पाऊस किती वरखाली होतो?

टी-मूल्य हाच प्रश्न विचारते. अल्फाला त्याच्या प्रमाण त्रुटीने भागले की टी-मूल्य मिळते. पत्रकातल्यासारखा एक नमुन्याचा फंड घेऊ. दरसाल तीन टक्के म्हणजे दरमहा 0.25 टक्के अल्फा. ठिपक्यांचे रेषेभोवतीचे विखुरणे दरमहा 1.5 टक्के धरू. पाच वर्षे म्हणजे 60 महिने. 60 चे वर्गमूळ साधारण 7.75, म्हणून अल्फाची प्रमाण त्रुटी अंदाजे 0.19 टक्के आणि टी-मूल्य सुमारे 1.3. रूढ संकेत असा की टी-मूल्य दोनच्या पुढे गेले तरच आकडा ‘सार्थ’ म्हणायचा. पत्रकावर एवढा झळकणारा तीन टक्क्यांचा अल्फा या कसोटीला उतरत नाही.

किती काळ थांबले तर उतरेल? त्रुटी काळाच्या वर्गमूळाने कमी होते. याच फंडाला दोनचा टप्पा गाठायला 144 महिने, म्हणजे बारा वर्षे लागतात. महिन्याऐवजी रोजचे आकडे घेऊन भरपूर नोंदी जमवू, अशी पळवाट सुचते, पण ती चालत नाही. रोजचा अल्फाही तितकाच लहान होतो आणि टी-मूल्य जवळजवळ तिथेच राहते. अल्फाच्या खात्रीला नोंदी नव्हे, वर्षे लागतात. आणि बारा वर्षांत फंड चालवणारा माणूसही अनेकदा बदललेला असतो. मग ते टी-मूल्य कोणाच्या हुशारीचे?

समजा, दोनचा टप्पा ओलांडणारा फंड सापडला. तरी ‘95 टक्के खात्रीने कौशल्य आहे’ असा अर्थ निघत नाही. टी-मूल्य एवढेच सांगते की कौशल्य मुळीच नसते, तर इतका मोठा आकडा क्वचित दिसला असता. पण फंड पुष्कळ असले की क्वचित घडणारेही घडते. समजा 200 फंड आहेत आणि त्यांपैकी 10 खरोखर आपल्या नमुन्याच्या फंडाइतके कुशल आहेत. उरलेल्या 190 पैकी अडीच टक्के, म्हणजे साधारण पाच फंड, निव्वळ नशिबाने दोनच्या वर जातील. कुशल दहांपैकी पाच वर्षांत दोनच्या वर पोहोचतील ते दोन-तीनच, कारण त्यांचे अपेक्षित टी-मूल्यच 1.3 आहे. म्हणजे यादीत जे सात-आठ चमकतील, त्यांतले दोनतृतीयांश नशीबवान, आणि खरे कुशल बहुतेक यादीबाहेर. दहा हा आकडा मी मानलेला आहे. तो कमी धरला तर चित्र आणखी बिघडते.

हा हिशेब पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मांडला तो मायकेल जेन्सन यांनी, 1968 साली. अमेरिकेतल्या 115 फंडांचा 1945 ते 1964 या काळातला परतावा त्यांनी तपासला. खर्च वजा जाता सरासरी अल्फा दरसाल सुमारे उणे 1.1 टक्के निघाला. सार्थ धन अल्फा दिसलेले फंड इतके थोडे होते, की कोणातही कौशल्य नसते तरी योगायोगाने तेवढे सापडले असते.

आपल्याकडे आणखी एक सापळा होता. अल्फा कशाशी तुलना करून काढला, यावर सारे अवलंबून असते. फंडाला शेअरचा लाभांश मिळतो, पण नुसत्या किमतींच्या निर्देशांकात तो धरलेला नसतो. त्यामुळे लाभांशाएवढा अल्फा फुकटात दिसे. लाभांश दरसाल 1.2 टक्के धरला, तर आपल्या फंडाचा दरमहाचा अल्फा 0.25 वरून 0.15 वर येतो आणि टी-मूल्य 0.8 च्या आत. सेबीने 1 फेब्रुवारी 2018 पासून लाभांशासह मोजलेल्या निर्देशांकाशी तुलना सक्तीची केली. त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये ‘लार्ज कॅप’ म्हणजे बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्या, अशी व्याख्याही ठरवून दिली. त्यापूर्वी मोठ्या कंपन्यांच्या नावाखाली मध्यम कंपन्यांचे शेअर बाळगता येत, आणि त्यांची तेजी अल्फा म्हणून मिरवता येई. म्हणून जुनी पत्रके वाचताना तुलनेचा निर्देशांक आधी पाहावा. टी-मूल्य चुकीच्या तुलनेची चूक पकडत नाही, उलट तिला सार्थ ठरवू शकते.

मग टी-मूल्य लहान म्हणजे कौशल्य नाही, असे समजावे का? तेही नाही. त्याचा अर्थ एवढाच, की उपलब्ध पुराव्यातून कौशल्य आणि नशीब वेगळे करता येत नाही. पण जानेवारी 2013 पासून एकाच योजनेचे ‘रेग्युलर’ आणि ‘डायरेक्ट’ असे दोन प्रकार मिळतात. शेअर तेच, व्यवस्थापक तोच, फरक मुख्यतः वितरकाच्या मोबदल्याचा. या दोहोंच्या दरमहाच्या परताव्यांची जोडी मांडून पाहा. ठिपके रेषेला जवळजवळ चिकटून बसतात, विखुरणे नगण्य असते, आणि रेग्युलरचा उणे अल्फा वर्षाभरातच प्रचंड टी-मूल्याने सिद्ध होतो. हुशारीच्या पुराव्याला बारा वर्षे लागतात. खर्चाच्या पुराव्याला बारा महिने पुरतात. त्या मोबदल्यात वितरकाकडून योग्य सल्ला मिळतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र पत्रकातल्या तीन टक्क्यांआधी हा आकडा पाहावा, कारण दोहोंपैकी तोच खात्रीने माहीत असतो.