संगणक दोनच अंकांत का मोजतो? ‘४५’पासून ‘मीरा’पर्यंत

‘मीरा’ हे नाव अर्जात नीट भरले, पण छापील यादीत ते ‘à¤®à¥€à¤°à¤¾’ असे आले. असा प्रकार तुम्ही कधीतरी पाहिला असेल. नाव नेमके कुठे बिघडले आणि ते परत मिळेल का, हे सांगता येण्यासाठी संख्या आणि अक्षरे यंत्रात कोणत्या रूपात राहतात ते माहीत हवे. या पाठात आपण तेच पायरीपायरीने पाहू. दशमान संख्या मराठी अंकांत लिहिल्या आहेत. बिट 0 आणि 1 असे लिहिले आहेत.

१. दोनच पातळ्या का?

यंत्राच्या आत अंक नसतात, तारेवरचा विद्युतदाब असतो. समजा, ५ व्होल्टवर चालणाऱ्या मंडलात ० ते ९ असे दहा अंक दहा वेगवेगळ्या दाबांनी दाखवायचे ठरवले. दहा पातळ्यांमध्ये नऊ अंतरे येतात, म्हणून शेजारच्या दोन पातळ्यांत सुमारे ०.५५ व्होल्टचा फरक उरतो. दाब याच्या निम्म्याने, म्हणजे ०.२८ व्होल्टने जरी सरकला, तरी ६ चा ७ होऊ शकतो. तापमानातील बदल, शेजारच्या तारेचा प्रभाव आणि घटकांमधील लहानमोठे फरक हे सारे या ०.२८ व्होल्टमध्येच बसले पाहिजेत.

आता त्याच ५ व्होल्टचे दोनच भाग करा. टीटीएल या प्रचलित मंडलकुटुंबात ०.८ व्होल्टपर्यंतचा दाब 0 मानतात आणि २ व्होल्टपासून वरचा दाब 1 मानतात. मधला पट्टा वापरतच नाहीत. 0 पाठवणारे द्वार जास्तीत जास्त ०.४ व्होल्ट देईल याची हमी असते. म्हणजे वाटेत आणखी ०.४ व्होल्टचा गोंधळ मिसळला तरी समोरचे द्वार 0 च वाचते. शिवाय ते पुढे स्वतःचा स्वच्छ 0 किंवा 1 पाठवते. त्यामुळे मर्यादेतील चूक प्रत्येक टप्प्यावर पुसली जाते, साठत जात नाही.

दुसरे कारण उष्णतेचे आहे. ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असताना त्यातून प्रवाह जवळजवळ वाहत नाही. पूर्ण चालू असताना त्याच्या दोन टोकांमधील दाब जवळजवळ शून्य असतो. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह, म्हणून दोन्ही स्थितींत तो कमी तापतो. अधल्यामधल्या पातळीवर धरून ठेवला, तर दाब आणि प्रवाह दोन्ही असतात आणि तो सतत तापत राहतो.

दशमान पद्धतीचा संगणक अशक्य होता, असे मात्र नाही. १९४६ मध्ये जाहीर झालेला एनियाक दशमानच मोजत असे. पण त्यातही एका अंकासाठी दहा चालू-बंद घटकांचे कडे होते आणि त्यांतला एकच चालू असे. द्विमान पद्धतीत तेच काम चार घटकांत भागते, कारण चार घटकांच्या १६ वेगवेगळ्या स्थिती होतात.

२. संख्येचे बिट कसे होतात?

दशमान पद्धतीत स्थानांच्या किमती १, १०, १०० अशा वाढतात. द्विमान पद्धतीत १, २, ४, ८, १६, ३२ अशा. रूपांतरासाठी संख्येला पुन्हा पुन्हा २ ने भागा आणि दर वेळची बाकी लिहा.

```
45 / 2 = 22, 1
22 / 2 = 11, 0
11 / 2 =  5, 1
 5 / 2 =  2, 1
 2 / 2 =  1, 0
 1 / 2 =  0, 1
```

स्वल्पविरामानंतरचा अंक म्हणजे बाकी. बाक्या खालून वर वाचा: 101101. पडताळा घेऊ: ३२ + ८ + ४ + १ = ४५. खालून वर का वाचायचे? पहिली बाकी संख्या सम आहे की विषम हे सांगते, म्हणून ती एकम स्थानाची असते. आठ बिटांच्या बाइटमध्ये डावीकडे शून्ये भरून हीच संख्या 00101101 अशी राहते. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढ्याच संख्या मावतात.

३. अक्षराचे बिट कसे होतात?

अक्षराला स्वतःची किंमत नसते; ती आपण ठरवून देतो. अ‍ॅस्की या संकेतात A ला ६५ हा क्रमांक आहे, म्हणजे 01000001. हाच बाइट ६५ ही संख्याही आहे. तो काय समजायचा हे वाचणारा प्रोग्राम ठरवतो. बिटांवर तसे कुठे लिहिलेले नसते. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

अ‍ॅस्कीमध्ये १२८ च जागा आहेत. त्यांत देवनागरी नाही. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक U+092E आहे. तो बिटांत 0000 1001 0010 1110 असा होतो. हे १६ बिट यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांत वाटले जातात: पहिल्यात ४, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ६.

```
    0000   100100   101110
11100000 10100100 10101110
      E0       A4       AE
```

सुरुवातीचे 1110 सांगते की हे अक्षर तीन बाइटांचे आहे. पुढच्या प्रत्येक बाइटच्या सुरुवातीचे 10 सांगते की हा आधीच्याचाच भाग आहे. ‘मीरा’मध्ये म, ी, र, ा असे चार संकेत आहेत, म्हणून एकूण १२ बाइट लागतात.

४. बिघाड कसा ओळखायचा?

सुरुवातीच्या यादीकडे परत येऊ. विंडोज-१२५२ या जुन्या संकेतात प्रत्येक बाइट म्हणजे एक अक्षर. त्यात E0 म्हणजे à, A4 म्हणजे ¤ आणि AE म्हणजे ®. स्वतः करून पाहा:

```python
>>> "म".encode("utf-8").hex(" ")
'e0 a4 ae'
>>> "म".encode("utf-8").decode("cp1252")
'à¤®'
```

यावरून चार खुणा लक्षात ठेवा.

- à¤ आणि à¥ पुन्हा पुन्हा दिसतात: बाइट शाबूत आहेत, वाचण्याचा संकेत चुकला आहे. फाइल तशीच जतन करू नका. पुन्हा उघडताना UTF-8 निवडा. नाव परत मिळेल.
- ???? दिसते: देवनागरी नसलेल्या संकेतात मजकूर जतन झाला आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हाचा बाइट लिहिला गेला. मूळ प्रत शोधावी लागेल.
- शेवटी � येते: अक्षर मध्येच तुटले आहे. रकान्याची मर्यादा १० बाइट असेल, तर ‘मीरा’चे पहिले नऊ बाइट ‘मीर’ देतात आणि दहावा अर्धवट उरतो. मर्यादा ठरवताना ‘दहा अक्षरे’ आणि ‘दहा बाइट’ यांत गल्लत झाली, की असे होते.
- रिकामे चौकोन दिसतात: बहुधा बिट बरोबर आहेत, फक्त फाँटमध्ये त्या अक्षराचे चित्र नाही.

स्वाध्याय

१. ७७ चे द्विमान रूप काढा आणि स्थानांच्या किमतींची बेरीज करून पडताळा घ्या. ७७ हा अ‍ॅस्कीमध्ये कोणत्या अक्षराचा क्रमांक आहे?
२. ‘र’चा क्रमांक U+0930 आहे. त्याचे तीन बाइट कागदावर काढा आणि मग वरील पायथन आज्ञेने तपासा.
३. तुमचे संपूर्ण नाव देवनागरीत किती बाइटांचे होते? नावांतील मोकळी जागा एकाच बाइटची असते, हे मोजताना विसरू नका.