साठवण टाकीचे निर्वात-पतन

साठवण टाकीचे निर्वात-पतन म्हणजे टाकीतील दाब बाहेरील वातावरणीय दाबापेक्षा कमी झाल्यामुळे तिचे छत किंवा भिंत आत दबून चेपणे होय. टाकी रिकामी करताना उपसलेल्या द्रवाची जागा घेण्यास पुरेशी हवा आत शिरली नाही, तर ही घटना घडते. ती टाळण्यासाठी स्थिर छताच्या टाकीवर योग्य आकाराचे श्वसनद्वार (व्हेंट) ठेवतात.

कारण

टाकीत दाब वाढल्यास पत्र्यावर ताण येतो आणि ताण सहन करण्यास पोलाद समर्थ असते. दाब घटल्यास मात्र पत्रा बाहेरून दाबला जातो. अशा वेळी पातळ पत्रा तुटण्याच्या कितीतरी आधी आपला गोल आकार गमावून आत वळतो. १० मीटर व्यासाच्या टाकीची भिंत ५ मिलिमीटर जाड असल्यास व्यास जाडीच्या २,००० पट असतो. शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात हे प्रमाण साधारण ६५० असते. म्हणजे आकाराच्या मानाने टाकीची भिंत त्या डब्यापेक्षाही पातळ असते.

एपीआय ६५० या मानकानुसार बांधलेल्या सामान्य टाकीसाठी ०.२५ किलोपास्कल इतकाच अंशतः निर्वात गृहीत धरला जातो. हा दाब पाण्याच्या सुमारे २५ मिलिमीटर उंच स्तंभाएवढा, म्हणजे वातावरणीय दाबाच्या पाव टक्का आहे. तरीही १० मीटर व्यासाच्या छतावर त्याचा एकूण भार सुमारे दोन टन होतो.

पतनाचा वेग

वरील टाकीत द्रवाच्या वर १०० घनमीटर हवा आहे आणि पंप ताशी २०० घनमीटर द्रव उपसतो, असे मानू. श्वसनद्वार पूर्ण बंद असल्यास पाव घनमीटर द्रव बाहेर जाताच दाब ०.२५ किलोपास्कलने घटतो. त्यासाठी साडेचार सेकंद पुरतात. त्यामुळे धोका लक्षात आल्यावर पंप थांबवण्यास वेळ मिळेल, यावर विसंबता येत नाही.

श्वसनद्वाराचा आकार

आकार ठरवताना हवेच्या दोन गरजांची बेरीज करतात. पहिली गरज उपशाची असते. जितका द्रव बाहेर जातो तितकीच हवा आत यावी लागते, म्हणून येथे ती ताशी २०० घनमीटर आहे. दुसरी गरज थंड होण्याची असते. उन्हाने तापलेल्या टाकीवर अचानक पाऊस पडला की आतील हवा आकसते. ५० अंश सेल्सियसची हवा १० अंशांनी थंड झाली, तर तिचे आकारमान सुमारे तीन टक्क्यांनी घटते. बंद टाकीत एवढ्याने दाब सुमारे ३ किलोपास्कलने, म्हणजे मर्यादेच्या बारा पट, उतरेल.

उष्ण प्रदेशातील उष्णतारोधक आवरण नसलेल्या टाकीसाठी एपीआय २००० हे मानक पुढील सूत्र देते. यात V हे टाकीचे आकारमान घनमीटरमध्ये आहे.

```
Q = 6.5 × V^0.7   (m³/h)
```

टाकीची उंचीही १० मीटर धरल्यास आकारमान ७८५ घनमीटर येते आणि सूत्रानुसार गरज ताशी सुमारे ६९० घनमीटर ठरते. म्हणजे पावसासाठी लागणारी हवा पंपासाठी लागणाऱ्या हवेच्या तिपटीहून अधिक आहे. एकूण गरज ताशी ८९० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.२५ घनमीटर होते.

सुरक्षिततेसाठी निम्मा, म्हणजे १२५ पास्कल दाबफरक वापरल्यास हवेचा वेग असा मिळतो:

```
v = √(2Δp/ρ) = √(2 × 125 / 1.2) ≈ 14.4 m/s
```

छिद्राच्या कडेशी प्रवाह आकसतो. त्यासाठी ०.६ हा गुणांक घेतल्यास परिणामी वेग ८.७ मीटर प्रतिसेकंद उरतो. ०.२५ ला ८.७ ने भागल्यास क्षेत्रफळ ०.०२९ चौरस मीटर, तर व्यास सुमारे १९० मिलिमीटर येतो. म्हणून २०० मिलिमीटरचे मोकळे द्वार निवडता येते. केवळ पंपाचा विचार केला असता तर ९० मिलिमीटर पुरेसे वाटले असते.

मर्यादा आणि देखभाल

हा हिशेब उघड्या, मोकळ्या द्वाराचा आहे. पक्षी रोखणारी जाळी, ज्वालारोधक किंवा लांब नळी बसवल्यास प्रवाहाला होणारा अडथळा स्वतंत्रपणे मोजावा लागतो. नंतर मोठा पंप बसवल्यास हिशेब पुन्हा करावा लागतो.

योग्य आकाराचे द्वारही धूळ, पक्ष्यांची घरटी, गोठलेला द्रव किंवा रंगकामाच्या वेळी बांधलेले आवरण यांमुळे बंद होऊ शकते. अमेरिकेतील सेंटर फॉर केमिकल प्रोसेस सेफ्टी या संस्थेच्या 'प्रोसेस सेफ्टी बीकन' या पत्रकात, प्लास्टिकने श्वसनद्वार झाकलेले असताना उपसा केल्यामुळे चेपलेल्या टाकीचे छायाचित्र दिले आहे. छताला पडलेला खोलगट पोचा, पत्र्याचा 'टण्' असा आवाज किंवा उपशाचा अकारण घटलेला वेग ही आत निर्वात तयार होत असल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी उपसा थांबवून द्वार तपासले जाते. मात्र वरील हिशेबावरून दिसते त्याप्रमाणे पतन लक्षणांची वाट पाहत नाही, म्हणून ही तपासणी उपसा सुरू करण्यापूर्वीच करणे आवश्यक ठरते.