गृहकर्ज आणि विमा आहे, म्हणून जुनीच करप्रणाली?

समजा, सानगडीतील एका शिक्षकाचा २०२५-२६ चा पगार १२ लाख रुपये आहे. घराचे कर्ज आहे, विम्याचे हप्ते आहेत. म्हणून जुनीच प्रणाली परवडते, असे ते धरून चालतात.

पण जुन्या प्रणालीत कर्जाचा अख्खा हप्ता वजा होत नाही. राहत्या घराच्या कर्जाचे व्याज तेवढे २ लाखांपर्यंत वजा होते. मुद्दल, आयुर्विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांना मिळून मर्यादा एकच, दीड लाखाची. निधीनेच ती भरली असेल, तर मार्चमध्ये घाईने घेतलेल्या पॉलिसीने कराचा एक रुपयाही वाचत नाही. दरवर्षी कितीतरी जण इथेच फसतात.

आता ५० हजारांची प्रमाण वजावट, पूर्ण २ लाख व्याज, ते दीड लाख आणि आरोग्य विम्याचे २५ हजार वजा करा. तरी ७.७५ लाख करपात्र उरतात आणि उपकरासह सुमारे ७० हजार कर बसतो. नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाण वजावट जाऊन ११.२५ लाख राहतात. १२ लाखांपर्यंत करसवलत असल्याने कर शून्य!

पगार १५ लाख असता, तरी याच वजावटींवर जुन्यात १,४०,४०० आणि नव्यात ९७,५०० रुपये कर आला असता.

कार्यालयाने जुन्या प्रणालीने कर कापला असेल, तरी पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना नवी निवडून परतावा मागता येतो.