जॉबशीटवरची एक ओळ

शेजारच्या वहिनींचा सोळा हजारांचा फोन चार महिन्यांतच हट्टाला पेटला. चार्जिंग चाळीस टक्क्यांवर आलं की आपोआप बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा. तीनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आल्यावर त्यांनी दुकानदाराला पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं. दीड पानात ‘मनस्ताप’ पाच वेळा आणि ‘फसवणूक’ चार वेळा होतं. फोन नेमका कधी बंद पडला, हे मात्र एकदाही नव्हतं.

मी म्हटलं, “वहिनी, हे राहू दे. आधी जॉबशीट काढा.”

फोन दुरुस्तीला घेताना सर्व्हिस सेंटर जो कागद देतं, ती जॉबशीट. तिच्यावर तक्रार, तारीख आणि फोन परत देताना काय केलं, हे लिहिलेलं असतं. आपण सही करतो ती बहुधा न वाचताच. पहिल्या शीटवर तक्रारीच्या रकान्यात नुसतं ‘फोन स्लो’ लिहिलं होतं! बंद पडण्याचा उल्लेखच नाही. काउंटरवरच्या मुलाने सोयीचं लिहिलं आणि वहिनींनी सही केली. फोन हातात देण्याआधी आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. सिमचा ट्रे काढून आतल्या पांढऱ्या खुणेचा फोटोही काढून ठेवावा. पाणी लागलं की ती खूण लाल होते आणि मग वॉरंटी नाकारली जाते.

सुदैवाने पुढच्या दोन शीटवर ‘अचानक बंद’ असं नीट लिहिलेलं होतं. दुसऱ्या वेळी बॅटरी बदलली, तिसऱ्या वेळी मदरबोर्ड. तरीही दोष तोच. इथे पत्राला पाया मिळाला. वॉरंटीच्या कागदावर बहुतेक वेळा कंपनी दुरुस्तीचंच वचन देते, अख्खा फोन बदलून देण्याचं नव्हे. म्हणून ‘फोन बिघडला, नवा द्या’ ही मागणी टिकत नाही. दुरुस्ती करून पाहिली, तरी मूळचा दोष गेला नाही, हे कागदावर दिसलं तर ती टिकते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक आयोग दोष काढून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. दोष खरोखर मूळचा आहे का, हे ठरवायला तो वस्तू प्रयोगशाळेतही पाठवू शकतो.

मदरबोर्ड बदलल्याने आणखी एक घोळ झाला होता. *#06# दाबल्यावर दिसणारा पंधरा आकडी आयएमईआय आता बिलावरच्या क्रमांकाशी जुळेना. उद्या दुकानदार म्हणेल, हा फोन आमचा नव्हेच. म्हणून नवा क्रमांक सर्व्हिस सेंटरकडून शीटवर लिहून घेतला. मग पत्र असं झालं:

“महोदय, 12 जानेवारी रोजी आपल्या दुकानातून मी 16,499 रुपयांना फोन घेतला. बिलाची प्रत सोबत आहे. हा फोन चार्जिंग चाळीस टक्क्यांच्या आसपास असताना आपोआप बंद पडतो. 3 मार्च, 27 मार्च आणि 22 एप्रिल रोजी तो सर्व्हिस सेंटरला दिला. अनुक्रमे सॉफ्टवेअर, बॅटरी व मदरबोर्डचे काम झाले. 5 मेपासून तोच दोष पुन्हा सुरू आहे, त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. तीन दुरुस्त्यांनंतरही न गेलेला हा दोष मूळचा असल्याने याच मॉडेलचा नवा हँडसेट बदलून द्यावा, ते शक्य नसल्यास पूर्ण किंमत परत करावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.”

पत्राची एक प्रत कंपनीलाही पाठवली. दुकानदार नेहमीसारखं म्हणाला होता, “आम्ही फक्त विकतो, कंपनीकडे जा.” पण बिल त्याचं, पैसे त्याने घेतलेले, पहिलं पत्र त्यालाच जायला हवं. पत्र स्पीड पोस्टाने, पोच मागवून धाडलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निळा टिक हा पुरावा मानायचा की नाही, यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मूळ बिल आणि जॉबशीट मात्र द्यायच्या नाहीत, प्रतीच जोडायच्या.

पंधरा दिवसांची मुदत कायद्यात लिहिलेली नाही, ती आपण दिलेली असते. कायद्यातली मुदत तक्रारीची, दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात शुल्क लागत नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तर कधी कधी तिथेच प्रकरण मिटतं.

वहिनींना अकराव्या दिवशी दुकानातून फोन आला. नवा हँडसेट मिळाला, पण जुन्याच बिलावर. त्यांनी काउंटर सोडण्याआधी नवा आयएमईआय बिलावर लिहून, शिक्का मारून घेतला.