बाहेरून सारखे, आतून वेगळे

10 सेंटिमीटर त्रिज्येचे दोन गोल घेऊ. एक पातळ कवचाचा, आतून पोकळ. दुसरा विद्युतरोधक पदार्थाचा, भरीव. दोघांवरही एक मायक्रोकूलोम प्रभार आहे. पहिल्याच्या कवचावर सारखा पसरलेला, दुसऱ्याच्या अंगभर सारखा मुरलेला. विद्युतक्षेत्र कुठे किती असेल?

गाऊसचा नियम सांगतो की, कोणत्याही बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण विद्युत अभिवाह फक्त आत सापडलेल्या प्रभारावर ठरतो. म्हणून गोलाभोवती r त्रिज्येचा काल्पनिक गोल काढायचा. सगळीकडे सममिती असल्याने त्याच्यावर क्षेत्र E सर्वत्र सारखेच असते, आणि हिशेब एका ओळीत मावतो:

E × 4πr² = q/ε₀

इथे q म्हणजे काल्पनिक गोलाच्या आतला प्रभार. केंद्रापासून 20 सेंटिमीटरवर दोन्ही गोलांचा सगळा प्रभार आत येतो, त्यामुळे उत्तर एकच: मीटरला सुमारे 2,25,000 व्होल्ट. सगळा प्रभार केंद्रबिंदूत एकवटला असता तरी हेच उत्तर आले असते. बाहेरून मोजणाऱ्याला पोकळ कोणता आणि भरीव कोणता, हे कळणारच नाही.

फरक दिसतो तो आत. केंद्रापासून 5 सेंटिमीटरवर काल्पनिक गोल काढला, तर पोकळ गोलात q शून्य, म्हणून क्षेत्रही शून्य. भरीव गोलात त्रिज्या निम्मी झाल्याने घनफळ आठव्या हिश्शावर येते, म्हणजे प्रभारही तेवढाच. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मात्र चौथ्या हिश्शावर. त्यामुळे बाहेरच्या काठावरचे 9,00,000 व्होल्टचे क्षेत्र इथे बरोबर निम्मे, 4,50,000 होते. केंद्राकडे जाताना ते असेच अंतराच्या प्रमाणात घटत शून्यावर येते.

विद्यार्थी इथे दोन ठिकाणी चुकतात. आत प्रभार नाही म्हणजे क्षेत्र शून्य, असे सरसकट म्हणता येत नाही. नियमाने शून्य ठरतो तो एकूण अभिवाह. कवचावर प्रभार सारखा पसरलेला असल्यामुळेच त्यावरून क्षेत्रही शून्य ठरते. दुसरे, भरीव गोल धातूचा असेल तर प्रभार अंगभर राहत नाही. तो पृष्ठभागावर सरकतो आणि गोल पोकळ कवचासारखाच वागतो.

हे कागदावरचेच गणित नाही. 1773 मध्ये हेन्री कॅव्हेंडिशने एका गोलावर दोन अर्धगोलांचे कवच बसवले, दोन्ही तारेने जोडून प्रभारित केले, मग तार काढून कवच दूर केले. आतल्या गोलावर प्रभार सापडला नाही. विद्युतबल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलत नसते, तर आत काहीतरी उरलेच असते. म्हणून पोकळ गोलातले शून्य हाच व्यस्त वर्गाच्या नियमाचा सर्वांत कडक पुरावा ठरतो.